दहा गुणांचा प्रश्न, बावीस मिनिटांचे उत्तर

अभ्यास झालेला असतो, पाने भरलेली असतात, अक्षरही बरे असते आणि तरीही दहापैकी चारच गुण पडतात. नर्सिंगच्या लेखी पेपरमध्ये हे अनेक मुलामुलींच्या वाट्याला येते. घरच्यांना वाटते, अभ्यास कमी पडला. पण उत्तरपत्रिका उघडून पाहिली, तर बरेचदा वेगळेच दिसते. दोन गुणांच्या व्याख्येला पाऊण पान दिलेले असते आणि पाच गुणांची नर्सिंग मॅनेजमेंट शेवटच्या सहा ओळींत उरकलेली असते.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.एस्सी. नर्सिंगचा लेखी पेपर साधारणपणे 75 गुणांचा आणि 3 तासांचा असतो. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत वेगवेगळे 50 टक्के गुण लागतात. त्यामुळे वॉर्डात चांगले काम करणारी विद्यार्थिनीही लेखी पेपरात अडकू शकते. या पेपरात सर्वांत जास्त गुण एका जागी ठेवलेले असतात ते दीर्घोत्तरी प्रश्नात. विद्यार्थी त्याला ‘एलएक्यू’ किंवा ‘लाँग क्वेश्चन’ म्हणतात. असा एकच प्रश्न घेऊन तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा लिहायचा, ते पाहू.

आधी घड्याळाचे गणित

3 तास म्हणजे 180 मिनिटे. त्यातली 10 मिनिटे प्रश्नपत्रिका नीट वाचायला आणि शेवटची 5 मिनिटे प्रश्नक्रमांक, पुरवण्या तपासायला बाजूला काढली, की लिहायला 165 मिनिटे उरतात. त्यांना 75 गुणांनी भागले, तर एका गुणाला 2.2 मिनिटे येतात. म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला 22 मिनिटे, पाच गुणांच्या टिपेला 11 आणि दोन गुणांच्या प्रश्नाला सुमारे साडेचार मिनिटे. बहुपर्यायी प्रश्नांचा भाग वेगळ्या वेळेत गोळा करणार असतील, तर तो वेळ आणि ते गुण दोन्ही वजा करून हाच भागाकार पुन्हा करावा. पेपरच्या पहिल्या पानावरच्या सूचना त्यासाठीच आधी वाचायच्या.

हा आकडा प्रश्नाच्या आतही लागू होतो, आणि नेमके तेच विसरले जाते. दीर्घोत्तरी प्रश्न बहुधा अ, आ, इ अशा तुकड्यांत विचारलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याचे गुण छापलेले असतात. परीक्षक त्याच तुकड्यांनुसार गुण देतात. व्याख्या कितीही सुंदर लिहिली, तरी दोनचे अडीच होत नाहीत.

एक प्रश्न, सुरुवातीपासून

प्रसूतिशास्त्राच्या पेपरमध्ये शोभेल असा प्रश्न समजा असा आहे: 28 वर्षांच्या स्त्रीची तिसऱ्या खेपेची नैसर्गिक प्रसूती झाली. अर्ध्या तासात तिचे पॅड भराभर भिजू लागले. गर्भाशय मऊ लागते, नाडी मिनिटाला 120 आणि रक्तदाब 90/60 आहे. (अ) प्रसूतिपश्चात रक्तस्रावाची व्याख्या द्या, 2 गुण. (आ) कारणे लिहा, 3 गुण. (इ) या मातेची नर्सिंग मॅनेजमेंट लिहा, 5 गुण.

पेन चालवण्याआधी दीड मिनिट थांबायचे. प्रश्नातल्या क्रियापदांखाली रेघ मारायची: ‘व्याख्या द्या’, ‘कारणे लिहा’, ‘मॅनेजमेंट लिहा’. ‘यादी करा’ म्हटले असेल तर मुद्दे पुरतात, ‘स्पष्ट करा’ म्हटले असेल तर प्रत्येक मुद्द्याचे कारणही द्यावे लागते. मग पुरवणीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने तीन मथळे आणि त्यांखाली तीनचार खुणेचे शब्द टिपायचे. मथळे प्रश्नातूनच घ्यायचे, स्वतःचे बनवायचे नाहीत. परीक्षक जे शोधत असतात, ते त्यांना त्याच नावाने सापडले पाहिजे.

(अ) व्याख्येला चार मिनिटे. नैसर्गिक प्रसूतीनंतर 24 तासांत 500 मिली किंवा त्याहून अधिक रक्तस्राव, सिझेरियनमध्ये 1000 मिली. 24 तासांच्या आत झाला तर प्राथमिक, त्यानंतर सूतिकाकाळात झाला तर दुय्यम. एवढ्यात दोन गुणांचे उत्तर पूर्ण होते. रक्तस्रावामुळे जगात किती माता दगावतात, याची प्रस्तावना इथे लिहायची नाही. ती खरी आणि महत्त्वाची आहे, पण विचारलेली नाही.

(आ) कारणांना सहासात मिनिटे. इथे पाठ्यपुस्तकातले ‘चार टी’ मदतीला येतात. टोन म्हणजे गर्भाशय नीट आकुंचन न पावणे, टिश्यू म्हणजे वारेचा तुकडा आत राहणे, ट्रॉमा म्हणजे जन्ममार्गाला फाटे पडणे आणि थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठण्यातला दोष. चार उपमथळे आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. त्यानंतर एक वाक्य असे यावे, जे पाठांतरातून येत नाही: ‘या मातेचे गर्भाशय मऊ आहे, म्हणून गर्भाशयाचा शिथिलपणा हे सर्वांत संभाव्य कारण आहे.’ प्रश्नातल्या मातेचा उल्लेख उत्तरात आला, की विद्यार्थिनीने प्रश्न वाचला आणि समजून घेतला, हे परीक्षकांना दिसते.

(इ) नर्सिंग मॅनेजमेंटला दहा मिनिटे. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, आणि ती दोन प्रकारे घसरते. पहिला प्रकार म्हणजे वेळच उरलेला नसतो. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: उत्तर लांब असते, पण ते डॉक्टरांच्या उपचारांचे असते. औषधांची नावे असतात, शस्त्रक्रियेचे टप्पे असतात, पण परिचारिका काय पाहील, काय करील, कोणाला कळवील आणि परिणाम कसा तपासील, हे त्यात नसते. हा धोका टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे नर्सिंग प्रक्रियेचेच टप्पे उपमथळे म्हणून घेणे.

‘असेसमेंट’खाली नाडी, रक्तदाब, श्वसन, गर्भाशयाची उंची आणि घट्टपणा, मूत्राशय भरले आहे का, वार पूर्ण पडली आहे का आणि पॅडवरून अंदाजे किती रक्त गेले, हे मुद्दे येतात. ‘नर्सिंग डायग्नोसिस’ एका वाक्यात: गर्भाशय शिथिल राहून झालेल्या रक्तस्रावामुळे शरीरातील द्रवाचे प्रमाण कमी होणे. पुरावा म्हणून नाडी 120, रक्तदाब 90/60 आणि भिजलेले पॅड. प्रश्नात दिलेले आकडे इथे वापरायचे. ते त्यासाठीच दिलेले असतात.

‘कृती आणि कारण’ हा उपमथळा सर्वांत मोठा असावा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे कृती आणि उजवीकडे तिचे कारण लिहिले, तर जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. मदतीला हाक मारणे आणि मातेला एकटे न सोडणे. कारण उपचार एकाच वेळी अनेक हातांनी करावे लागतात. गर्भाशयाला पोटावरून मालिश करणे. कारण ते आकुंचन पावले, की वारेच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मूत्राशय रिकामे करणे. कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आकुंचन पावू देत नाही. जाड कॅन्युला लावून सलाइन सुरू करणे आणि रक्तगट, क्रॉसमॅचसाठी नमुना पाठवणे. कारण गेलेले द्रव आणि रक्त लवकर भरून काढायचे असते. डॉक्टरांच्या आदेशानुसार किंवा रुग्णालयाच्या ठरलेल्या पद्धतीनुसार ऑक्सिटोसिन देणे. ट्रानेक्झॅमिक ॲसिड प्रसूतीपासून 3 तासांच्या आत देण्याची शिफारस आहे. मेथर्जिन देण्याआधी रक्तदाब पाहणे. कारण उच्च रक्तदाब असलेल्या मातेला ते टाळतात.

या कृती ज्या क्रमाने लिहायच्या, तो क्रम खाटेजवळचाच असला पाहिजे. आधी समुपदेशन आणि आहार, मग पाचव्या मुद्द्याला गर्भाशयाची मालिश, असे उत्तर सर्व मुद्दे बरोबर असूनही कच्चे ठरते. रक्त वाहत असताना काय आधी करायचे हे तिला कळते का, अशी शंका परीक्षकांच्या मनात येते.

शेवटी ‘इव्हॅल्युएशन’च्या दोन ओळी: गर्भाशय घट्ट झाले, रक्तस्राव कमी झाला, नाडी व रक्तदाब पूर्ववत होत आहेत, दर 15 मिनिटांनी नोंद केली. या दोन ओळी वेळेअभावी सर्वांत आधी गळतात, म्हणून त्यांच्यासाठी एक मिनिट राखून ठेवावे.

वेळ संपली तर

बावीस मिनिटे झाली आणि उत्तर अपुरे आहे, तर अर्धे पान कोरे सोडून पुढे जायचे. दहा गुणांच्या उत्तरातले पहिले सहा गुण तुलनेने लवकर मिळतात. सातव्या-आठव्या गुणासाठी पुष्कळ लिहावे लागते. तेवढ्या वेळात न सोडवलेल्या टिपेचे पहिले दोनतीन गुण सहज पदरात पडतात. परत आल्यावर वेळ नसेल, तर उरलेले उपमथळे आणि प्रत्येकाखाली दोन शब्दांचे मुद्दे तरी लिहावेत. रिकाम्या जागेला गुण देता येत नाहीत.

इंग्रजीतून लिहिणाऱ्या, पण शाळा मराठीत झालेल्या विद्यार्थ्यांना या मांडणीचा आणखी एक फायदा होतो. लांब वाक्यात व्याकरण चुकते आणि अर्थही हरवतो. मथळ्याखालच्या सातआठ शब्दांच्या वाक्यात चूक झाली, तरी मुद्दा पोहोचतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. मांडणी माहितीची जागा घेत नाही. ज्या औषधाची मात्रा नक्की आठवत नाही, ती अंदाजाने लिहू नये. औषधाचे नाव, हेतू आणि देताना काय पाहायचे ते लिहावे. मथळ्यांखाली चुकीचा मजकूर असेल, तर तो नीटनेटक्या पानावर उलट लवकर नजरेत भरतो.

आपले उत्तर जमले का, हे स्वतः तपासता येते. खालचा मजकूर हाताने झाकून फक्त मथळे वाचावेत. त्यावरून मूळ प्रश्न ओळखता आला, तर मांडणी बरोबर आहे. मग प्रत्येक भागाच्या ओळी मोजाव्यात. दोन गुणांच्या भागाला पाच गुणांच्या भागापेक्षा जास्त ओळी असतील, तर वेळ कुठे गेला ते लगेच कळते.

महाविद्यालयातल्या शिक्षकांनी यात मोठा हात द्यावा. सराव परीक्षेची उत्तरपत्रिका परत करताना नुसते ‘दहापैकी 4’ न लिहिता अ, आ, इ यांचे गुण वेगवेगळे लिहून द्यावेत. ‘व्याख्या 2, कारणे 2, नर्सिंग मॅनेजमेंट 0’ असे समोर दिसले, की पुढच्या पेपरात काय बदलायचे ते विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.