कोथिंबीर निवडतोय, जरा थांबा

किराणा मागवायच्या अ‍ॅपवर पान उघडायला वेळ लागला की मधेच एखादी ओळ उमटते: ‘कोथिंबिरीच्या जुडीतलं गवत काढतोय.’ अशी ओळ लिहिणारा आधी घड्याळ बघतो, विनोद मागाहून सुचतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ साली मांडलेली मोजमापं या कामात आजही धरतात. सेकंदभराच्या उशिराने माणसाची तंद्री मोडत नाही. दहा सेकंदांनंतर मात्र त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. गमतीला जागा आहे ती या दोहोंच्या मधे. सेकंदाच्या आतच ओळ दाखवली तर वाचून होण्याआधीच ती गायब होते. दहा सेकंद उलटल्यावर कोथिंबीर पुरे. तिथे काय अडलंय ते सांगावं आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण द्यावं.

चिडलेल्या माणसाशी थट्टा करताना ती कुणाची, हे महत्त्वाचं. ‘तुमचं नेट गोगलगायीचं दिसतंय’ असं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकालाच टोमणा, आणि दोष कित्येकदा अ‍ॅपचाच असतो. ‘आमचा सर्व्हर पिशवी घरीच विसरला. तुमची यादी मात्र आहे तशी आहे.’ यातलं पहिलं वाक्य हसवतं, पण जीव भांड्यात पडतो तो दुसऱ्याने. अर्धा तास खपून भरलेली यादी पुसली गेली की काय, हीच खरी धास्ती असते. शिवाय रोज दूध मागवणाऱ्याला तोच विनोद चौथ्या दिवशी नकोसा होतो, म्हणून ओळी आलटून पालटून याव्या लागतात.

पैशाचं पान आलं की मात्र विनोद बंद. समजा, ६४० रुपयांची ऑर्डर आहे. यूपीआयवरून पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज आला, आणि अ‍ॅप म्हणतंय, ‘अरेरे, पाकीट रुसलं!’ माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. तिथे हवं ते असं: ‘बँकेचं उत्तर यायचंय. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका. ऑर्डर झाली नाही तर ६४० रुपये ५ दिवसांत त्याच खात्यात येतील.’ हा पाचाचा आकडा मनचा नाही. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला खातरजमा मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा व्हावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. ‘लवकरच मिळतील’ यावर कुणाचा विश्वास बसतो?

पण ही ओळ लिहिता येण्यासाठी पैसे अडकलेत, परत गेलेत की कापलेच गेले नाहीत, हे अ‍ॅपला वेगवेगळं कळायला हवं. पुष्कळ ठिकाणी तिन्हींना मिळून एकच पान असतं: ‘काहीतरी चुकलं.’ ते वेगळं करा म्हटलं की प्रोग्रॅमर म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. तोवर काहीतरी गमतीदार लिहून द्या.