चौदा जेवणांचा हिशेब

दोघांच्या संसारात खाण्यावर किती खर्च होतो असं विचारलं, की बहुतेक जण किराण्याचा आकडा सांगतात. भाजी, दूध धरलं तरी चित्र पूर्ण होत नाही, कारण शहरात नोकरी करणाऱ्या जोडप्याचे बरेच पैसे बाहेरच्या खाण्यात जातात आणि ते ‘खाण्याचा खर्च’ म्हणून कुठेच लिहिलेले नसतात. मोबाइलवरून मागवलेलं जेवण, ऑफिसच्या कँटीनमधलं ताट, शनिवारचं हॉटेल, सगळं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या निमित्तानं होतं. म्हणून हिशेब रुपयांपासून सुरू न करता जेवणांपासून सुरू करावा. आठवड्यात दुपारची सात आणि रात्रीची सात, अशी चौदा जेवणं. यातलं प्रत्येक जेवण घरात शिजणार, दारात येणार, की बाहेर जाऊन होणार, एवढं आधी ठरलं की बाकीचं सोपं होतं.

कोणतं जेवण कुठे, हे ठरवायचं कसं? ‘घरचं स्वस्त, बाहेरचं महाग’ हे खरं असलं तरी निर्णयाला पुरत नाही. दोन पदार्थ शेजारी मांडून पाहू. इथले आकडे पुण्यातल्या मध्यम दर्जाच्या ठिकाणांसाठी ढोबळमानाने धरले आहेत. आपल्या गल्लीतले भाव घालून हेच गणित पुन्हा करता येईल.

पहिला पदार्थ पनीर मसाला, चार रोट्या आणि एक जिरा राईस. ॲपवर भाजी ३२०, रोट्या १६० आणि भात १५० असे ६३० रुपये होतात. पॅकिंगचे ३० धरून ६६०, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ३३. मग डिलिव्हरीचे ४० आणि प्लॅटफॉर्म फी १५; या दोन्हींवर १८ टक्के कर, म्हणजे आणखी दहा रुपये. बिल झालं ७५८ रुपये. कूपनचे शंभर वजा केले तर ६५८. हेच पदार्थ त्याच हॉटेलात बसून खाल्ले तर अनेकदा ५६०-५७० रुपयांत होतात, कारण ॲपचं कमिशन भरून काढायला बरीच हॉटेलं तिथले दर वाढवून ठेवतात. कूपन मिळाल्यावर जे ‘वाचले’ असं वाटतं, त्यातला मोठा भाग आधी वाढवलेलाच असतो. हे तपासायला हॉटेलच्या मेनूकार्डाचा फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या वेळी ॲपशी ताडून पाहावा.

घरी हे करायला २०० ग्रॅम पनीर ९० रुपये, कांदा-टोमॅटो-आलं-लसूण ३०, काजू २५, लोणी-साय-मसाले ४५, कणीक आणि तांदूळ २५, गॅस दहा, असे साधारण २२५ रुपये लागतात. म्हणजे सव्वाचारशेच्या वर वाचतात. पण वाटण भाजणं, मिक्सर, रोट्या, नंतरची भांडी धरून सव्वा तास जातो. आणि क्रीमचा डबा आणला असेल तर त्यातलं पाव भागच वापरलं जातं. उरलेलं आठवड्यात संपलं नाही तर तो खर्चही याच भाजीच्या नावावर लागतो.

दुसरा पदार्थ मुगाची खिचडी. तांदूळ, मूगडाळ, कांदा-बटाटा, फोडणी, तूप, ताक आणि पापड धरून दोघांना सत्तर रुपये. कुकर लावल्यापासून पानात यायला अर्धा तास. ॲपवर १६० रुपयांच्या दोन खिचड्या मागवल्या, तर पॅकिंग, कर आणि डिलिव्हरी मिळून ४२० रुपयांच्या आसपास जातात. इथे साडेतीनशे रुपये वाचले, पण अर्ध्याच तासात.

पनीर घरी केल्यानं एकूण जास्त पैसे वाचतात. मात्र तासाला पाहिलं तर पनीरमागे साडेतीनशे आणि खिचडीमागे सातशे वाचतात. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांनी हाच आकडा धरावा. खिचडी, वरण-भात, पिठलं-भाकरी, पोहे, ऑम्लेट हे पदार्थ कधीच मागवू नयेत. बाहेरून आणायचंच असेल तर ज्याला तंदूर लागतो, खूप कापाकापी किंवा तासभर उभं राहणं लागतं, किंवा ज्याचं साहित्य घरी अर्धं पडून राहतं, ते आणावं. बिर्याणी, तंदुरी, नूडल्सचे प्रकार यांत बसतात. शक्य असेल तर चालत जाऊन पार्सल आणावं: डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी आणि त्यावरचा कर वाचतो, शिवाय बहुतेक ठिकाणी हॉटेलच्याच दरानं मिळतं.

अडचण अशी की मागवण्याचा निर्णय हिशेब करून होत नाही. तो संध्याकाळी साडेसात-आठला होतो. दोघंही दमून आलेले असतात, फ्रिजमध्ये भाजी असते पण ती निवडलेली नसते. अशा दिवशी दुहेरी खर्च होतो: जेवणाचे पाचशे जातात आणि त्या दिवशी न शिजलेली मेथी दोन दिवसांनी कचऱ्यात जाते. वाया गेलेल्या भाजीचे पैसे कोणत्याच बिलात दिसत नाहीत. ते शोधायचे असतील तर मंडईत जाण्याआधी फ्रिजचा खालचा कप्पा उघडून पाहावा. पिवळी पडलेली जुडी, मऊ काकडी, सुकलेलं आलं दर आठवड्याला सापडत असेल, तर दोष जास्त भाजी आणण्यात आहे, किंवा चुकीच्या क्रमाने शिजवण्यात.

दोघांसाठी क्रम असा चालतो. रविवारी भाजी आणली तर मेथी, पालक, चाकवत यांसारख्या पालेभाज्या सोमवार-मंगळवारपर्यंत संपवाव्यात, आणि एका वेळी दोनच जुड्या आणाव्यात. बुधवारी भेंडी, गवार, वांगी. कोबी, दुधी, गाजर गुरुवारपर्यंत सहज टिकतात. शुक्रवारी मटकी किंवा चवळी: बुधवारी रात्री भिजत घालायची, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, शुक्रवारी मोड आलेले असतात. उसळीला भाजी निवडावी लागत नाही आणि बेत ऐन वेळी पुढे ढकलला तरी मोड फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. खिचडीचं सामान मात्र कोणत्याही वारासाठी राखून ठेवायचं. ॲप उघडावंसं वाटेल, त्या संध्याकाळसाठी ते आहे. मागवलेलं जेवण यायला पाऊण तास लागतो. खिचडी त्याआधी होते.

पोळ्यांचा प्रश्न उरतोच, कारण दमलेल्या माणसाला भाजीपेक्षा कणीक मळणं जड जातं. पोळीभाजी केंद्रातून पोळी दहा रुपयांना मिळते असं धरलं, तर रात्रीच्या चार आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन डब्यांच्या सहा अशा दहा पोळ्यांना शंभर रुपये होतात. घरी त्याच वीस-पंचवीस रुपयांत होतील. पण हे जादाचे पाऊणशे रुपये देऊन रात्रीची ऑर्डर टळत असेल आणि उद्याचे दोन डबे होत असतील, तर हा सौदा फायद्याचाच आहे. स्वयंपाकाच्या मावशींचंही असंच. त्यांना महिन्याला चार हजार द्यावे लागत असतील, तर आठवड्याचे सव्वानऊशे झाले. आठवड्यात दोन ऑर्डरी टळल्या आणि डबे सुरू झाले तर ते वसूल होतात. मावशी येऊनही ऑर्डरी तेवढ्याच राहिल्या, तर खर्च फक्त वाढला.

हॉटेलात जाऊन खाण्याचं मात्र वेगळं आहे. तिथे माणूस पोट भरायला जातो त्याहून जास्त एकमेकांसोबत निवांत बसायला जातो, आणि ते दोघांना हवंच असतं. तोडायचं असेल तर जेवण न तोडता त्याची वेळ बदलावी. शनिवारी रात्री स्टार्टर, दोन सरबतं, भाजी-रोटी-भात आणि पाण्याची बाटली घेतली की बिल साडेनऊशे-हजारावर जातं. रविवारी सकाळी मिसळ, इडली-डोसा आणि दोन कॉफ्या अडीचशेत होतात, गप्पा तेवढ्याच होतात. बिलावर सेवाशुल्क लावलेलं दिसलं तर ते काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ५ टक्के जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क ऐच्छिक आहे.

आता पूर्ण आठवडा मांडू. समजा, एका जोडप्याचा किराणा, दूध, भाजी, फळं आणि गॅस मिळून आठवड्याला १,५०० रुपये होतात. तीन ऑर्डरींचे १,६५०, शनिवारच्या हॉटेलचे १,२००, आणि दोघं तीन दिवस ऑफिसजवळ जेवतात त्याचे ७८०. एकूण ५,१३०. बदल असा केला: घरचं जास्त शिजू लागल्यानं तो खर्च १,९०० झाला. तीन दिवस केंद्रातल्या पोळ्या, ३००. ऑर्डर एकच, ५००. रविवारचा नाश्ता २५०. शनिवारचं हॉटेल आठवड्याआड, म्हणून सरासरी ६००. ऑफिसजवळ एकच दिवस, २६०. एकूण ३,८१०. आठवड्याला १,३२० रुपये वाचले. महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. यात हॉटेल बंद झालं नाही, मागवणंही बंद झालं नाही. किराणा वाढला, याची काळजी करू नये. खर्च ताब्यात येत असताना तो वाढायलाच हवा.

लिहिताना एक दक्षता घ्यावी. महिन्याचा किराणा एकदम भरला तर तो त्याच आठवड्यावर टाकू नये, नाहीतर पहिला आठवडा उगाच महाग दिसतो आणि बाकीचे स्वस्त. बावीसशेचं सामान असेल तर आठवड्याला साधारण पाचशे धरावेत.

या सगळ्या बचतीत एक खर्च लपलेला आहे, तो म्हणजे शिजवणाऱ्याचा वेळ. चौदापैकी अकरा जेवणं घरी होणार असतील आणि ती एकट्या बायकोनंच करायची असतील, तर ते साडेपाच हजार तिच्या संध्याकाळींतून आलेले आहेत, आणि असा बेत फार दिवस टिकतही नाही. म्हणून चौदा खान्यांचा कागद करताना प्रत्येक खान्यात दोन गोष्टी लिहाव्यात: काय शिजणार आणि कोण शिजवणार. ज्या खान्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही, ते जेवण बाहेरून आणायचं असं आधीच ठरवावं आणि त्याचे पैसे बाजूला ठेवावेत.