एका आकड्यासाठी सतरा दिवस

लोणारवरच्या माझ्या लेखाचा पहिला कच्चा खर्डा एका रविवारी दुपारी पूर्ण झाला. त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: "सुमारे 52 हजार वर्षांपूर्वी एक उल्का इथे कोसळली आणि हे विवर तयार झालं." लिहिताना हात जराही अडखळला नाही. शाळेत असताना मी हा आकडा वाचला होता, सहलीत ऐकला होता, नंतर कितीतरी लेखांतही पाहिला होता. लेख मुळात 2020 च्या जून महिन्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्याबद्दलचा होता. विवराचं वय हा त्यातला जाता जाता सांगायचा तपशील होता.

मी लेख संपवला की एका वहीत तीन रकाने आखते. पहिल्यात लेखातलं प्रत्येक विधान, दुसऱ्यात ते मला कुठून कळलं, तिसऱ्यात ते मुळात कोणी मोजलं किंवा पाहिलं. दुसरा रकाना पटकन भरतो. काम तिसऱ्या रकान्याचं असतं. या लेखात 41 विधानं निघाली. पाणी गुलाबी होण्याचा भाग सोपा गेला, कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य हे कारण दिलं होतं. वयासमोरचा तिसरा रकाना मात्र रिकामा राहिला. मला 52 हजार हा आकडा सांगणारे दहा लेख सापडत होते, पण मोजणारा माणूस सापडत नव्हता.

दहापैकी नऊ लेखांनी एकमेकांचाच आधार घेतला होता. दहाव्याच्या तळटिपेने शेवटी वाट दाखवली. हा आकडा 1997 साली सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे या तिघांनी ब्राझीलमधल्या एका नियतकालिकात छापलेल्या शोधनिबंधातला आहे. तिथे तो 52 हजार वर्षं, अधिक-उणे 6 हजार, असा आहे. त्यातलं अधिक-उणे वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं आणि मी वाचलेल्या एकाही मराठी लेखात ते नव्हतं. इथेच थांबले असते तरी चाललं असतं. वहीतला रकाना भरला होता, वाक्यात "सुमारे" हा शब्दही होता.

पण त्याच शोधात दुसरा एक निबंध हाती लागला. 2011 चा, जूर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, भूशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकातला. त्यात लोणारचं वय 5 लाख 70 हजार वर्षं, अधिक-उणे 47 हजार, असं होतं. म्हणजे जवळजवळ अकरापट. दोघांच्या चुकीच्या मर्यादा कितीही ताणल्या तरी हे दोन आकडे एकमेकांना शिवत नाहीत.

पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची होईल तीच माझी झाली: नवा आकडा घ्यावा, जुना सोडावा. जालन्याला भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "नवा म्हणून घेऊ नका. दोन्ही पद्धती चुकतात. आधी विचारा, कोणती कुठल्या बाजूला चुकते." पुढचे दोन आठवडे मी या एका वाक्याच्या मागे होते.

1997 ची पद्धत तापदीप्तीची. खनिजाच्या आत, आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे, इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकावेत तसे वर्षानुवर्षं साठत जातात. उल्केच्या आघातात दगड तापला की हे सापळे रिकामे होतात आणि साठवण पुन्हा शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत तो दगड तापवला की साठलेले इलेक्ट्रॉन प्रकाश देऊन सुटतात. प्रकाश जितका जास्त, तितका काळ जास्त. यात दोन अडचणी आहेत. एक, सापळे भरले की नंतरचा काळ मोजलाच जात नाही. दुसरी, फेल्डस्पार या खनिजातले इलेक्ट्रॉन गार असतानाही हळूहळू गळतात. लोणारच्या बेसाल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर आहे. या दोन्ही चुका एकाच दिशेने ओढतात आणि वय खऱ्यापेक्षा कमी निघतं.

1973 साली लोणार उल्केमुळेच झालं हे दगडांतल्या पुराव्यावरून दाखवणाऱ्या निबंधात वय 50 हजारांहून कमी दिलं होतं. तो अंदाज काचेतल्या युरेनियमच्या भंगरेषांवरून केलेला होता. भंगरेषाही कालांतराने पुसट होतात, म्हणजे तीही चूक कमी वयाच्याच बाजूची. दोन मोजण्या जुळतात म्हणून आकडा पक्का असं मला वाटलं होतं. पण दोन्हींची चूक एकाच बाजूला झुकत असेल, तर त्यांचं जुळणं फारसं काही सिद्ध करत नाही.

आता 2011 ची पद्धत. पोटॅशियमचा एक प्रकार, पोटॅशियम-40, फार संथ गतीने बदलत जातो. तो निम्मा व्हायला सुमारे 125 कोटी वर्षं लागतात, आणि त्यातला थोडा भाग अरगॉन वायू होतो. दगड पूर्ण वितळला की जुना अरगॉन निघून जातो, आणि थिजल्यावर नवा साठू लागतो. अणुभट्टीत नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करून पोटॅशियमचं प्रमाण अरगॉनच्याच दुसऱ्या रूपात मोजता येतं, म्हणून एकाच वायूत दोन्ही हिशेब मिळतात. ही पद्धत चुकते ती उलट्या बाजूने. जुना अरगॉन पुरता निघून गेला नाही, तर दगड आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो.

ही भीती किती खरी, ते पाहायला मी कागदावर हिशेब मांडला. लोणारचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. आघातानंतरच्या काचेत जुन्या अरगॉनचा फक्त शंभरावा हिस्सा उरला असला, तरी साडेसहा कोटींचा एक टक्का म्हणजे साडेसहा लाख वर्षं वय आपोआप वाढतं. म्हणजे विवर खरोखर 50 हजार वर्षांचं असूनही काचेत टक्क्याच्या आतबाहेर जुना वायू अडकला असेल, तर ते 5 लाखांहून जास्त वयाचं दिसू शकतं. हा हिशेब लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. 2011 चा आकडा नेमक्या याच चुकीतून आला असेल का?

या प्रश्नाचं उत्तर निबंधातच होतं, पण ते समजायला मला सरांकडे जावं लागलं. जालन्याला त्यांच्या ओसरीवर त्यांनी वहीच्या पाठीमागच्या पानावर एक रेघ काढून दाखवली. नमुना एकदम न तापवता पायरीपायरीने तापवतात, आणि प्रत्येक पायरीवर सुटलेल्या वायूचं प्रमाण आलेखावर एक ठिपका म्हणून मांडतात. पायऱ्यांचे ठिपके एका सरळ रेषेत आले, तर रेषेवरून वय निघतं, आणि ती रेषा अक्षाला जिथे छेदते तिथून मुळात अडकलेल्या वायूचं स्वरूप निघतं. म्हणजे जुना अरगॉन किती उरला हे गृहीत धरावं लागत नाही, ते वेगळं काढता येतं. मात्र तो नमुन्यात सगळीकडे सारखा पसरलेला असावा लागतो, नाहीतर ठिपके रेषेवर येत नाहीत. ठिपके विस्कटले, की हिशेब फसला हे दिसून येतं.

निबंधाचा आणखी एक मुद्दा सरांना जास्त पटला होता. बेसाल्टचा रस पातळ असतो, ग्रॅनाइटच्या रसासारखा चिकट नसतो, म्हणून त्यातून वायू सहज निसटतो. सर म्हणाले, "पोळीच्या कणकेतला आणि धिरड्याच्या पिठातला बुडबुडा आठवा." मी तो दृष्टांत लेखात घेतला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

तिथून आम्ही मंठ्याच्या रस्त्याने लोणारला गेलो. साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं ते वर्तुळ इतकं रेखीव आहे की काठावर उभं राहिलं की मनात येतं, हे फार जुनं असूच शकत नाही. खाली उतरताना मी हेच बोलले. सरांनी पायाखालचे खडक दाखवले. काठ किती ताजा दिसतो यावरून वय ठरवायचं, तर पाऊस, उतार आणि दगड किती टणक हे सगळं माहीत हवं, आणि तेवढं माहीत नसताना ताजेपणा हा नुसता आपल्या डोळ्यांचा भास असतो. सरोवराच्या गाळाचं कार्बन-मापनही इथे निर्णय देत नाही. ती पद्धत जेमतेम 50 हजार वर्षांपर्यंत पोचते, शिवाय गाळ विवरानंतर साचलेला, म्हणून त्यावरून विवर निदान इतकं जुनं आहे एवढंच सांगता येतं.

घरी येऊन मी वयावर 900 शब्द लिहिले. तो भाग मला लेखातला सगळ्यात चांगला वाटत होता. संपादकांनी तो वाचून फोन केला. "मजकूर उत्तम आहे. पण गुलाबी पाण्याच्या लेखात वाचक इथे हरवेल. तुम्ही हे सगळं समजून घेतलंत, आता वाचकाला तीन वाक्यांत सांगा." मी विरोध केला, कारण रेषेचा आलेख काढून टाकणं मला सहन होत नव्हतं. दोन दिवसांनी मात्र पटलं. आलेख माझ्या खात्रीसाठी होता, वाचकाला फक्त कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे हवं होतं. शेवटी उरलेला मजकूर असा:

"विवराच्या वयाबद्दल दोन मोजण्या आहेत. 1997 च्या मोजणीत ते सुमारे 52 हजार वर्षं निघालं, 2011 च्या अरगॉन-मोजणीत सुमारे 5 लाख 70 हजार. पहिल्या पद्धतीची चूक वय कमी दाखवते, आणि दुसरीत वय वाढवणारा जुना वायू वेगळा काढून हिशेब केला आहे, म्हणून या लेखात दुसरा आकडा धरला आहे."

त्याच फोनमध्ये संपादकांनी आणखी एका वाक्याखाली रेघ मारल्याचं सांगितलं: "बेसाल्ट खडकातलं हे जगातलं एकमेव उल्काविवर." वहीत यासमोरचा तिसरा रकाना मी भरला होता, पण तो 1973 च्या निबंधाने, आणि त्यानंतर जग थांबलं नव्हतं. ब्राझीलच्या दक्षिणेला बेसाल्टमध्येच वार्जेआंव आणि व्हिस्ता आलेग्रे ही विवरं आता मान्य झालेली आहेत, आणि ती लोणारपेक्षा कितीतरी मोठी आहेत. "एकमेव" गेलं. त्या जागी "बेसाल्टमधलं, लहान पण अतिशय सुस्थितीत राहिलेलं" आलं. छान वाटणारी चार अक्षरं गेल्याचं वाईट वाटलं, पण विधान 47 वर्षं शिळं होतं.

मुद्रितं आली तेव्हा मी निर्धास्त होते. शुद्धलेखन तपासणाऱ्या काकूंनी मात्र वयाच्या ओळीपाशी पेन्सिलने एक फुली केली होती. पान जुळवताना जागा वाचवायला म्हणून मी स्वतःच "5 लाख 70 हजार"ऐवजी "570 हजार" करून दिलं होतं, आणि टाइप करताना शून्य सुटलं होतं. पानावर छापून आलं होतं "57 हजार". शेजारी 52 हजार असल्याने ते अगदी खरं वाटत होतं, दोन मोजण्या जवळपास जुळल्यासारखं. माझ्या डोळ्यांनी तीन वेळा ते वाचून पुढे जाऊ दिलं होतं. काकूंना भूगर्भशास्त्र ठाऊक नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं, "दोन्ही आकडे इतके सारखे असतील तर मग खाली हा एवढा खुलासा कशासाठी?"

मी आकडा पुन्हा लाख-हजारांत, पूर्ण लिहिला. वहीत त्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात काकूंच्या फुलीची तारीख टाकली आणि पान छापायला पाठवलं.