‘खूप’च्या जागी नेमके काय?

‘आकाशात खूप काळे ढग आले. खूप जोराचा पाऊस पडला. मी खूप भिजलो. आईने खूप गरम चहा दिला. मला खूप छान वाटले.’ पावसाळ्यावरच्या शालेय निबंधात असा उतारा हमखास सापडतो. त्यात व्याकरणाची चूक नाही. पण पाचही वाक्यांत ‘खूप’ फक्त प्रमाण वाढवतो. गोष्ट कशी होती, हे सांगत नाही.

रंगांच्या शब्दांत हा फरक चटकन कळतो. ढग काळेकुट्ट असतात, केस काळेभोर आणि तेल लावलेला कातळ काळाकुळकुळीत. तिन्हीकडे रंग ‘खूप काळा’च आहे, पण कुट्टमध्ये दाट अंधार आहे, भोरमध्ये सौंदर्य आणि कुळकुळीतमध्ये तुकतुकी. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र, तर भीतीने उतरलेला चेहरा पांढराफटक. रागाने चेहरा लालबुंद होतो, चेरी मात्र लालचुटुक दिसते. जोड्यांची अदलाबदल केली, की वाक्य लगेच खटकते. लिंग-वचनानुसार बदलतो तो पहिला भाग: काळाभोर, काळीभोर, काळेभोर. दोन्ही भाग जोडून लिहायचे.

आता उतारा दुरुस्त करू. ढग काळेकुट्ट झाले, पाऊस मुसळधार आणि ‘मी खूप भिजलो’चे ‘मी ओलाचिंब झालो’ झाले. चहापाशी थोडे थांबावे लागते. ‘कढत’ म्हटले तर जीभ पोळेल, ‘वाफाळता’ म्हटले तर हवाहवासा वाटेल. इथे दुसराच हवा. शेवटचे वाक्य मात्र विशेषण बदलून सुधारत नाही, कारण ‘छान’ हा शब्दच मोघम आहे. तिथे काय घडले ते लिहावे: ‘कप धरताच गारठलेल्या बोटांत ऊब आली.’

या शब्दांना मर्यादाही आहेत. ‘खूप काळेकुट्ट’ लिहिले, तर जोर दोनदा दिल्यासारखे होते. ‘जख्ख’ म्हातारपणाशीच शोभतो आणि ‘गडगंज’ संपत्तीशी. ‘हडकुळा’ आणि ‘सडपातळ’ दोघेही बारीकच, पण पहिल्यात कमीपणा आहे. ‘प्रचंड’चा तर हल्ली नवा ‘खूप’ झाला आहे. ‘प्रचंड छान’ लिहून काही साधत नाही. शिवाय प्रत्येक नामाला असे ठसठशीत विशेषण लावले, तर निबंध भडक होतो. परिच्छेदात एक-दोन पुरतात.

निबंध झाल्यावर प्रत्येक ‘खूप’खाली रेघ मारावी आणि पुढचा शब्द पाहावा. ‘खूप माणसे’, ‘खूप आवडले’ इथे तो संख्या किंवा क्रियेचे प्रमाण सांगतो. ‘ओलाचिंब’सारखा नेमका शब्द सुचत नसेल, तर तसाच राहू द्यावा. पुढे विशेषण असेल, तर त्या दोन शब्दांचे काम करणारा एक शब्द आठवून पाहावा. न आठवल्यास ‘खूप’ नुसता खोडून वाक्य मोठ्याने वाचावे. बरेचदा काहीच बिघडलेले नसते.