‘हलकं काम देऊ’ एवढ्याने भागत नाही

ब्रिटनमध्ये नोकरदार सात दिवसांहून जास्त आजारी राहिला की त्याला ‘फिट नोट’ द्यावी लागते. तिच्यावर दोन शेरे असतात: ‘कामास अयोग्य’ किंवा ‘कामास योग्य असू शकेल’. दुसऱ्या शेऱ्याखाली पर्याय छापलेले असतात: हळूहळू रुजू होणे, वेळ बदलणे, कामात बदल, जागेवर सोय. ऑफिसला यातलं काहीच जमलं नाही, तर हीच नोट ‘अयोग्य’ म्हणून धरली जाते. म्हणून ऑफिसकडून येणाऱ्या पत्राला एवढं महत्त्व.

समजा, पगार विभागातली एक बाई स्तनाच्या कर्करोगाचे उपचार आटोपून परत येते आहे. २०१० च्या समानता कायद्याचं संरक्षण कर्करोगात निदान झाल्यापासूनच मिळतं. पाठदुखीसारख्या दुखण्यात आधी ते वर्षभर टिकणारं आहे का, हे पाहिलं जातं. त्यामुळे ‘वाजवी सोयी’ करणं हा इथे साहेबांच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. त्यांचा खर्चही तिच्याकडून घेता येत नाही.

‘बरं वाटलं की या, हलकं काम देऊ’ असं पत्र दिसायला मायाळू, पण कुचकामी. हलकं म्हणजे काय, हे तिलाही कळत नाही आणि तिच्या वरिष्ठालाही. पत्रात असं हवं: पहिले दोन आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते दोन. पुढचे दोन आठवडे त्याच दिवशी दहा ते चार. तोवर महिनाअखेरच्या पगाराचं काम दुसऱ्याकडे. तपासणीसाठी दवाखान्यात जायला वेळ. टेबल खिडकीजवळ, कारण उपचारांनंतर अचानक अंग तापून घाम फुटतो. चौथ्या आठवड्यात बसून आढावा, आणि थकवा ओसरला नसेल तर वेळापत्रक लांबवायची तयारी. हे सगळं तिच्याशी बोलून ठरलेलं हवं. डॉक्टरांचा अहवाल मागवायचा असेल तर तिची लेखी संमती लागते, आणि तो ऑफिसला जाण्याआधी पाहण्याचा हक्क तिला आहे.

पत्र सहसा गप्प बसतं ते पैशांबाबत. आठवड्याला बारा तास काम केलं तर पगार किती? करारात वेगळं काही नसेल, तर न केलेल्या तासांचा पूर्ण पगार द्यायला ऑफिस सहसा बांधील नसतं. अशी तोशीस नको म्हणून कित्येक जण तब्येतीची पर्वा न करता पहिल्याच सोमवारी पूर्णवेळ रुजू होतात आणि महिन्याभरात पुन्हा रजेवर जातात. यावर एक वाट आहे. आजारी रजेवर असतानाही वार्षिक रजा साठत राहते. ती रजा मधल्या दिवसांना लावली, तर त्या दिवसांचा पगार भरून निघतो. ही सवलत पत्रात लिहिलेली नसेल, तर रुजू होण्याआधी विचारून लेखी घ्या.