वजा करण्याआधी उलट अट लिहून पाहा

निरोप समारंभाच्या फोटोसाठी चार विद्यार्थी आणि तीन शिक्षक एका ओळीत उभे राहणार आहेत. अट एवढीच, की कोणतेही दोन शिक्षक शेजारी-शेजारी येता कामा नयेत. अशा ओळी किती प्रकारे लागतील?

अकरावीच्या वर्गात किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा झाला, की हा प्रश्न हमखास येतो. त्यावर बरीच मुले जे उत्तर काढतात ते असे: सात माणसांच्या एकूण ओळी ७×६×५×४×३×२×१, म्हणजे ५०४०. आता तिन्ही शिक्षक एकत्र उभे राहिले तर? त्या तिघांचा एक गठ्ठा धरला, की गठ्ठा आणि चार विद्यार्थी मिळून पाच घटक होतात. त्यांच्या मांडण्या १२०. गठ्ठ्याच्या आत तीन शिक्षक ६ प्रकारे उभे राहू शकतात. १२० गुणिले ६ म्हणजे ७२०. ‘एकत्र नको’ म्हटले आहे, म्हणून ५०४० मधून ७२० वजा केले आणि उत्तर आले ४३२०.

या रीतीत आकडेमोडीची एकही चूक नाही आणि तरीही उत्तर खऱ्या उत्तराच्या तिप्पट आहे.

घोटाळा वजाबाकी करण्याआधीच झालेला असतो. ‘कोणतेही दोन शिक्षक शेजारी नकोत’ ही अट कधी मोडते? तिघे सलग उभे राहिले तर मोडतेच, पण दोघे शेजारी आणि तिसरा दूर असला तरीही मोडते. म्हणजे या अटीचे उलट वाक्य ‘तिन्ही शिक्षक एकत्र’ असे होत नाही. ते ‘निदान दोन शिक्षक शेजारी’ असे होते. वरच्या रीतीने पहिला प्रकार वजा केला आणि दुसरा तसाच आत राहू दिला. या राहिलेल्या ओळी थोड्याथोडक्या नाहीत, २८८० आहेत. ४३२० मधून त्या काढल्या, की १४४० उरतात आणि तेच खरे उत्तर आहे.

हे १४४० सरळ मोजूनही मिळतात आणि माझ्या मते या प्रश्नाला तीच वाट योग्य आहे. ज्यांच्यावर अट नाही त्यांना आधी उभे करायचे. चार विद्यार्थी २४ प्रकारे उभे राहतील. त्यांच्या मध्ये तीन आणि दोन्ही टोकांना एकेक अशा पाच मोकळ्या जागा तयार होतात. प्रत्येक जागेत जास्तीत जास्त एक शिक्षक ठेवला, की कुठल्याही दोन शिक्षकांच्या मध्ये किमान एक विद्यार्थी येणारच. पहिल्या शिक्षकाला पाच जागा, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, म्हणजे ६० प्रकार. २४ गुणिले ६० म्हणजे १४४०. इथे काहीही वजा करावे लागत नाही, कारण अट मोडणारी ओळ या पद्धतीत तयारच होत नाही.

ते २८८० कुठून आले, हेही याच पाच जागांवरून दिसते. एका जागेत शिक्षकांची जोडी आणि दुसऱ्या एका जागेत एकटा शिक्षक उभा करायचा. जोडीची जागा पाचांतून, एकट्याची उरलेल्या चारांतून, म्हणजे २० प्रकार. कोणता शिक्षक कुठे, याचे ६ प्रकार आणि विद्यार्थ्यांचे २४. गुणाकार केला की २८८०. आता १४४०, २८८० आणि ७२० यांची बेरीज करून पाहा. बरोबर ५०४० येते. एकूण संख्या अशी तुकड्यांतून परत मिळणे हा या विषयातला सर्वात भरवशाचा ताळा आहे. पेपर सोडवून झाल्यावर दोन मिनिटे उरली, तर ती या ताळ्यावर खर्च करावीत.

मग या प्रश्नात वजाबाकी चालणारच नाही का? चालेल, पण एकदा करून भागणार नाही. शिक्षकांना अ, ब, क म्हणू. अ आणि ब शेजारी असलेल्या ओळी मोजायच्या तर त्या दोघांचा गठ्ठा धरून सहा घटकांच्या ७२० मांडण्या होतात आणि गठ्ठ्यातल्या २ क्रमांमुळे १४४०. अशा तीन जोड्या आहेत, म्हणून ४३२० वजा करायचे. पण ज्या ओळीत तिघे सलग आहेत, समजा ब मध्ये आणि अ-क त्याच्या दोन बाजूंना, ती ओळ अ-ब या जोडीतही मोजली गेली आणि ब-क या जोडीतही. एकदा काढायची ती दोनदा काढली गेली. अशा सगळ्या ओळी ७२०. त्या एकदा परत मिळवल्या, की ५०४० उणे ४३२० अधिक ७२०, म्हणजे पुन्हा १४४०. उत्तर तेच आले, पण कुठल्या ओळी किती वेळा मोजल्या याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागला. शिक्षक तीनऐवजी पाच आणि विद्यार्थी त्याच प्रमाणात जास्त असते तर हा हिशेब फार पसरला असता. जागा सोडण्याची पद्धत मात्र तितक्याच ओळींत संपली असती.

शिक्षक दोनच असते, तर चित्र वेगळे दिसले असते. पाच विद्यार्थी, दोन शिक्षक आणि दोघे शेजारी नकोत. इथे उलट वाक्य खरोखरच ‘दोघे शेजारी’ एवढेच आहे. ५०४० मधून १४४० गेले की ३६००. सरळ मोजले तरी विद्यार्थ्यांचे १२० प्रकार गुणिले सहा जागांत दोन शिक्षक ठेवण्याचे ३० प्रकार, म्हणजे ३६०० च येतात. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या आहेत, हवी ती घ्यावी. मुलांच्या मनात वजाबाकीची सवय पक्की होते ती बहुधा याच सोप्या उदाहरणावर. मग तीच सवय तीन जणांवर लावली जाते आणि उलट वाक्य बदलले आहे हे लक्षात येत नाही.

आता उभे राहण्याचा क्रम बाजूला ठेवून नुसती निवड पाहू. सोसायटीच्या दहा सभासदांत सहा पुरुष आणि चार स्त्रिया आहेत. त्यांतून चार जणांची समिती निवडायची आणि तिच्यात किमान एक स्त्री हवी. याचे उलट वाक्य ‘एकही स्त्री नाही’. हा एकच प्रकार आहे. एकूण समित्या २१०, फक्त पुरुषांच्या १५, उत्तर १९५. सरळ मोजायचे तर एक, दोन, तीन आणि चार स्त्रिया असे चार प्रकार करावे लागतात: ८०, ९०, २४ आणि १. बेरीज १९५ च येते, पण चार ठिकाणी चुकण्याची संधी मिळते. इथे वजाबाकीच करावी.

आता अट बदलून ‘किमान दोन स्त्रिया’ केली तर? सरळ मोजले की तीन प्रकार: ९०, २४ आणि १, म्हणजे ११५. वजा करायचे तर ‘एकही नाही’ आणि ‘एकच’ हे दोन प्रकार: २१० उणे १५ उणे ८०, तेही ११५. फरक फारच थोडा. ‘किमान तीन स्त्रिया’ म्हटले तर सरळ मोजणेच बरे, कारण २४ आणि १ एवढेच मिळवायचे आहेत. म्हणून ‘किमान हा शब्द दिसला की वजा करा’ असे जे शिकवले जाते ते मला मुळीच पटत नाही. शब्दावरून काही ठरत नाही. अट पाळणारे प्रकार किती आणि मोडणारे किती, हे आधी शब्दांत लिहून पाहायचे आणि ज्या बाजूला कमी प्रकार असतील त्या बाजूने मोजायचे.

याच समितीच्या प्रश्नात एक फसवी वाट आहे. एक स्त्री तर हवीच, मग आधी चारांतून एक स्त्री निवडू, म्हणजे ४ प्रकार. उरलेल्या नऊ जणांतून कोणतेही तीन घेऊ, म्हणजे ८४. गुणाकार ३३६. हे वाचताना पूर्ण पटते, पण एकूण समित्याच २१० असताना अट पाळणाऱ्या ३३६ कशा असतील? समजा समितीत अलका आणि सुनंदा दोघी आहेत. आधी अलकाला निवडून सुनंदाला ‘उरलेल्यां’त घेतले, की एक मोजणी झाली. आधी सुनंदाला घेतले, की तीच समिती दुसऱ्यांदा मोजली गेली. तीन स्त्रिया असलेली समिती तीनदा आणि चौघींची समिती चारदा मोजली जाते. ८० एकदा, ९० दोनदा, २४ तीनदा आणि १ चारदा धरून बेरीज केली, की बरोबर ३३६ येतात. आकडे एवढे फुगले नाहीत, तर ही चूक एकूण संख्येशी ताडून पकडता येत नाही. म्हणून एक ठरावीक समिती समोर घ्यावी आणि ती आपल्या पद्धतीने किती वेळा मोजली जाते ते पाहावे. उत्तर ‘एकदाच’ यायला हवे.

अटीची हीच नाजूक बाजू भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त सांभाळलेली दिसते. त्यातल्या अंकपाश या प्रकरणात एक प्रश्न आहे: ज्यांच्या अंकांची बेरीज १३ होते अशा पाच अंकी संख्या किती? शून्य कुठेही घ्यायचे नाही. तेरा खुणा एका ओळीत काढल्या, की त्यांच्यात बारा फटी होतात. त्यांतल्या चार फटींत रेघ मारली, की ओळीचे पाच भाग पडतात आणि प्रत्येक भागातल्या खुणा म्हणजे एक अंक. बारा फटींतून चार निवडण्याचे प्रकार ४९५ आणि ‘लीलावती’तले उत्तरही ४९५ च आहे. पण भास्कराचार्य तिथे एक मर्यादा सांगतात: बेरीज ही स्थानांची संख्या अधिक नऊ यापेक्षा कमी असली तरच हा नियम लागू होतो. पाच अधिक नऊ चौदा, आणि तेरा त्याहून कमी. कारण उघड आहे. बेरीज चौदा झाली, की एका भागात दहा खुणा आणि बाकी चारांत एकेक अशी वाटणी शक्य होते, आणि दहा हा काही अंक नाही.

मग चौदासाठी काय करायचे? तेरा फटींतून चार निवडण्याचे ७१५ प्रकार. नको असलेली वाटणी एकाच तऱ्हेची आहे आणि तो दहाचा भाग पाच स्थानांपैकी कुठेही येऊ शकतो, म्हणून ५ वजा. उत्तर ७१०. पंधरासाठीही हीच वाट घ्या, ९७६ आले पाहिजेत. बावीसपर्यंत एकदा वजा करून भागते. तेविसाला पहिल्यांदाच दोन भाग एकाच वेळी दहाचे होऊ शकतात, आणि तिथे फोटोतल्या तीन शिक्षकांप्रमाणेच दोनदा वजा झालेले परत मिळवावे लागते.