पुडी बंद करा, पण आजच नाही

दोन वर्षांपूर्वी विहारातल्या महिलांच्या बैठकीत आम्ही सांधेदुखीवर बोललो होतो. गुडघ्यासाठी, 'हाडांच्या ताकदीसाठी' म्हणून बिनलेबलच्या पुड्या विकल्या जातात, त्यावर बोलता बोलता आम्ही ठासून म्हणालो, "असली पुडी घरात असेल तर आजपासून बंद करा." टाळ्या पडल्या. चौथ्या दिवशी तांबट आळीच्या मागच्या वस्तीतून एका मावशींचा मुलगा धावत आला. आई उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सकाळपासून तीन उलट्या झाल्यात, असं तो सांगत होता.

मावशी पन्नाशीच्या. चार घरी पोळ्या लाटतात. झोपलेल्या असताना रक्तदाब ११०/७० होता. उभं करून मोजला तर ८४/५०. मुलाला वाटलं पित्त झालं असेल. आम्ही विचारलं, "मावशी, चार दिवसांत नवीन काय खाल्लं?" त्या म्हणाल्या, "खाल्लं काहीच नाही सिस्टर. उलट तुम्ही म्हणालात म्हणून पुडी बंद केली." चौदा महिने त्या सकाळ-संध्याकाळ एक-एक पुडी घेत होत्या. चूक आमची होती. पुडी बंद करायला हवी हे आम्ही सांगितलं, ती कशी बंद करायची हे सांगितलं नाही. आजचा लेख त्या राहिलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी.

अशा पुड्यांत जडीबुटीच्या नावाखाली पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही त्यातली नेहमीची नावं. ही औषधं एरवी वाईट नाहीत. दमा, संधिवात अशा आजारांत डॉक्टर ती मोजून देतात, आणि चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने बंदी आहे. पुडीत मात्र किती घातलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ओळखायच्या खुणा अशा. वर्षानुवर्षांची दुखणी दोन-तीन दिवसांत पळतात. भूक सपाटून लागते. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं पण हातपाय बारीक राहतात. कातडी पातळ होते, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, आणि साखर किंवा रक्तदाब वाढतो. 'वजन वाढवायच्या' बिनलेबल गोळ्यांचीही हीच गत असते.

आता बंद केल्यावर त्रास का होतो ते पाहू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एक-एक छोटी ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसोल नावाचं द्रव्य बनवते. रक्तदाब टिकवणं, साखर सांभाळणं, ताप किंवा इजेला तोंड देणं ही कामं त्याच्यावर चालतात. स्टेरॉइड हे त्याचंच भावंड. ते रोज बाहेरून मिळू लागलं की मेंदू ग्रंथीला काम सांगणं थांबवतो आणि ग्रंथी झोपी जाते. पुडी एकदम थांबली की बाहेरचंही बंद आणि आतलंही बंद. मावशींचं तेच झालं. ग्रंथी पुन्हा जागी व्हायला काही आठवडे, काही महिने, कधी वर्षही लागतं.

बंद केल्यावर दोन प्रकारचे त्रास होतात, ते वेगळे ओळखायला हवेत. पहिला म्हणजे जुनी दुखणी उसळून येणं, अंग मोडून येणं, गळून जाणं. यात घाबरण्यासारखं नाही, पण इथेच माणूस म्हणतो, "बघा, पुडीच चांगली होती," आणि पुन्हा सुरू करतो. पुडीने गुडघा बरा केलेला नसतो, सूज दाबून ठेवलेली असते. दुसरा त्रास धोक्याचा. उलट्या, पोटात कळ, उभं राहिल्यावर चक्कर, थंड घाम, भ्रमिष्टासारखं बोलणं. यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा, "स्टेरॉइडची असावी अशी पुडी इतके महिने घेतली आणि अमुक दिवशी बंद केली." हे वाक्य नसेल तर पित्ताचं औषध देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं.

मावशींना सरकारी रुग्णालयात सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं. संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या. पुढे डॉक्टरांनी पुडीऐवजी मोजलेली गोळी दिली. प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅम, रोज सकाळी खाल्ल्यावर, दोन आठवडे. मग ५ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग २.५ मिलिग्रॅम सहा आठवडे. त्यानंतर एका सकाळी आठ वाजता, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसोल तपासलं. ते पुरेसं निघालं तेव्हाच गोळी थांबली. हा हिशेब मावशींचा आहे, तुमचा वेगळा असेल. तो उतरवून घेऊन घरी करू नका.

"मग आम्ही पुडीच अर्धी-अर्धी करत आणली तर?" असं बैठकीत हमखास विचारतात. ते जमत नाही, कारण प्रत्येक पुडीत सारखंच औषध असेल याचा भरवसा नाही. आजची अर्धी कालच्या अख्ख्या पुडीपेक्षा जड असू शकते, किंवा तीत काहीच नसेल. म्हणून पुडी तीन आठवड्यांहून जास्त दिवस घेतली असेल, तर ती मनाने थांबवू नका आणि वाढवूही नका. एक-दोन दिवसांत उरलेली पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा. कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून आपल्या पेठेतून जवळ आहे. त्याहून कमी दिवस घेतली असेल तर बहुधा एकदम थांबवता येते, तरी मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी दाखवा. पुडी सुटल्यावरही वर्षभर मोठा ताप, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर "मी पूर्वी स्टेरॉइड घेतलं होतं" हे सांगायला विसरू नका. अशा वेळी शरीराला जास्त कॉर्टिसोल लागतं.

हे वाचून घरातल्या लेबल असलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना भिऊ नका. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांनी कुठली ग्रंथी झोपत नाही, म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागत नाहीत. हिमोग्लोबिन भरल्यावर साठ्यासाठी आणखी तीनेक महिने लोह घेतलं की थांबता येतं. आठवड्याला एक अशी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी तर ठरलेले आठवडे झाले की थांबवायचीच. वर्षभर चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठ, उलट्या सुरू होऊ शकतात. मात्र बाळंतपणातलं लोह, टीबीच्या औषधांसोबतची बी-६ ची गोळी आणि थायरॉइडच्या ऑपरेशननंतरचं कॅल्शियम स्वतःच्या मनाने सोडू नका.

मावशी आता गुडघ्यासाठी मांडीचे व्यायाम करतात, फार दुखलं तर पॅरासिटामोल घेतात. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात. गेल्या बैठकीत एका बाईने पिशवीतून पुडी काढली तेव्हा आमच्याआधी मावशीच बोलल्या, "फेकू नकोस गं. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."